सात वाजून त्रेपन्न मिनिटं

“म्हणजे शेवटी तुम्हाला पैसेच हवेत ना?” फोनवर ते गृहस्थ म्हणाले, आणि मी ‘हो’ म्हणालो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट जरा थकलेला होता, दिवसभर माणसांशी बोलून बोलून होतो तसा. मागे कुठलंतरी मशीन घरघरत होतं. माझं ‘हो’ ऐकून ते क्षणभर थांबले, “बरं, बघतो” म्हणाले आणि फोन ठेवला. मी मात्र फोन हातात धरून तसाच खिडकीपाशी उभा राहिलो. उत्तर बरोबर होतं. आठ दिवसांपूर्वी मीच त्यांना रिफंड मागणारं पत्र पाठवलं होतं आणि त्यात पैशांशिवाय दुसरं काहीही मागितलं नव्हतं. तरीही ते ‘हो’ तोंडातून बाहेर पडताना कुणीतरी आपल्याला रंगेहाथ पकडावं तसं झालं. काय पकडलं गेलं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आजही पुरतं कळलंय असं नाही, पण पुढे कितीतरी दिवस दात घासताना, जिना चढताना तो प्रश्न कानात वाजत राहिला.

गोष्ट साधी होती. माझ्या काकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या सोळा कॅसेट होत्या. गाणी-बिणी नव्हेत. काका घर रेकॉर्ड करायचे. मुलांचे पाढे, मोठ्यांची भांडणं, घड्याळाचे ठोके, कुणी पाहुणा आला की त्याला पुढ्यात बसवून ‘बोला काहीतरी’. रेकॉर्डचं बटण दाबून झाल्यावर त्यांना चष्म्याची आठवण यायची, मग तो शोधायला ते आत जायचे आणि टेप तशीच रिकामी फिरत राहायची. परत आले की खाकरून आधी तारीख सांगायची, मग वेळ, मग बाकी सगळं. त्या तारखेवर आम्ही लहानपणी फार हसायचो. काका गेल्यावर कॅसेटचा डबा काकूंकडे राहिला आणि काकूंनी तो मला दिला. डब्याचं झाकण उघडलं की जुन्या प्लॅस्टिकचा आणि कपाटातल्या गोळ्यांचा असा मिसळलेला वास यायचा. घरातला टेपरेकॉर्डर लावून बघितला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झालेला. म्हणून मग कॅसेटवरचा आवाज फाइलींमध्ये उतरवून देणाऱ्या एका स्टुडिओकडे काम द्यायचं ठरवलं.

ठरवताना मी चांगलाच दक्ष होतो, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे मी अजिबात दक्ष नव्हतो. ईमेलवर कोटेशन आलं, त्यात चार-पाच गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. सोळा कॅसेट, दोन्ही बाजू, म्हणजे बत्तीस बाजू. प्रत्येक बाजूची वेगळी वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे आवाज न दाबता, जसाच्या तसा. कॅसेट हातात पडल्यापासून २१ दिवसांत काम. अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर. आणि शेवटी एक ओळ होती, जी वाचून मी पुढे सरकलो होतो: ‘कोरी बाजू आकारणीत धरली जाणार नाही.’ दर बाजूवर होता, त्यामुळे एकूण रकमेचे मनातल्या मनात बत्तीस भाग पाडता येत होते. ते तसे पाडावे लागतील हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. मी ‘मान्य’ असं उत्तर पाठवलं आणि कार्डावरून ॲडव्हान्स भरला. तीन दिवसांनी कॅसेट त्यांच्याकडे पोचल्या.

एकवीस दिवस झाले, काहीच आलं नाही. मी फोन केला, “चार दिवसांत देतो” म्हणाले. चाराचे आठ झाले. मग मेसेज केला, तर मशीन दुरुस्तीला गेल्याचं कळलं. मशिनं बिघडतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. आणि अखेर १९ जुलैच्या संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी लिंक आली. काम पूर्ण झालंय, उरलेली रक्कम भरावी. मी तेव्हा कुठेतरी जायच्या गडबडीत होतो, एका पायात चप्पल होती. ७ वाजून ५० मिनिटांनी पैसे भरले. ७ वाजून ५३ मिनिटांनी लिहिलं, ‘मिळालं. छान झालंय काम, धन्यवाद!’ शिवाय पुढे एक अंगठा.

तोवर मी एकही फाइल उघडली नव्हती.

हे मी का केलं याचा नंतर बराच विचार केला. फसवलं जाण्याइतका भोळा मी नाही. पण कुणी काम पूर्ण केलं म्हणालं की आपल्या तोंडून ‘छान’ आपोआप निघतं. त्यात कामाची पारख नसते, फक्त सौजन्य असतं. रिक्षातून उतरताना आपण ‘थँक्यू’ म्हणतो तेव्हा कुठे चालकाच्या कौशल्यावर मत देत असतो? पण लिहिलेल्या सौजन्याची अडचण अशी, की ते वेळेसकट राहतं. पुढे दोन महिने ती ७:५३ची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

फाइली रात्रभर उतरत राहिल्या. कॅसेट २३ जुलैला कुरिअरने परत आल्या. तरी मी ऐकायला बसलो नाही. फाइली संगणकावर आहेत, एवढ्यानेच निर्धास्त होतो. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटत होती. काकांचा आवाज ऐकून बारा वर्षं झाली होती. तो आपल्या आठवणीतल्यासारखा नसला तर काय करायचं, अशी काहीशी वेडगळ भीती. अशात बावीस दिवस गेले. १० ऑगस्टला, रविवार नसूनही घरात कुणी नव्हतं म्हणून, हेडफोन लावले आणि पहिली फाइल चालू केली. खाकरणं ऐकू आलं. तारीख ऐकू आली. मी डोळे मिटून बसलो होतो, आणि तरी काहीतरी खटकत होतं. आवाज काकांचाच होता, पण त्यामागची टेपची सळसळ विचित्र होती. टेपची सळसळ कशी एकसंध असते, दूरवर बारीक वाळू सांडत राहावी तशी. इथे ती बुडबुडत होती, घुसळल्यासारखी वरखाली होत होती. काका जणू पाण्याखालून बोलत होते. दुसऱ्या फाइलीत तसं नव्हतं. तिसरीत पुन्हा होतं. मग मी फाइली मोजल्या. बत्तीस हव्या होत्या, पंचवीस होत्या. सात कॅसेटच्या ‘बी’ बाजू नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी फोन केला. सात बाजू कोऱ्या होत्या, असं उत्तर मिळालं. आणि पाण्याखालच्या आवाजाबद्दल? “जुन्या टेपा आहेत साहेब, आवाज असाच येणार.” हे इतक्या सहजपणे सांगितलं गेलं की मलाही पटलं. फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटांनी पटेनासं झालं. तेव्हा मी एक गोष्ट केली, या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली पहिली शहाणपणाची. त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल लिहिला: ‘आज सकाळी फोनवर बोललो त्याप्रमाणे, सात बी बाजू कोऱ्या असल्याचं आपण सांगितलंत. यात माझी समजूत चुकली असेल तर कृपया कळवावं.’ चार ओळी, बस. त्याला उत्तर आलं नाही. पण फोनवर उच्चारलेलं आणि हवेत विरून गेलेलं एक वाक्य त्या ईमेलमुळे तारखेला बांधलं गेलं. १ जुलैचं ‘चार दिवसांत देतो’ मी असं बांधून ठेवलं नव्हतं. त्याची तारीख मला फोनमधल्या कॉलच्या यादीतून उकरावी लागली, आणि तिथे कळतं ते एवढंच की आपण तीन मिनिटं बोललो. काय बोललो ते नाही.

टेपचा दोष की कामाचा, याचा निकाल माझ्या भाच्याने लावला. तो आवाजाच्या एडिटिंगचं काम करतो. त्याला दोन फाइली पाठवल्या, एक स्वच्छ आणि एक बुडबुडणारी. तो येऊनच बसला. मी म्हटलं, “अरे, पण फाइलचा आकार तर बरोबर आहे.” मी तेवढं तपासलं होतं. दाबलेली एमपीथ्री असती तर ४५ मिनिटांची फाइल ४३ एमबीच्या आसपास भरली असती, आणि ही ७७८ एमबीची, कोटेशनप्रमाणे अगदी चोख. भाचा हसला. “मामा, धुऊन विटलेलं कापड पुन्हा भिजवलं तर वजनाला जड लागेलच की. विटलेला रंग परत येतो का?” मग त्याने दोन्ही फाइलींचे आलेख शेजारी शेजारी मांडले. खाली जाड आवाज, वर बारीक, डावीकडून उजवीकडे वेळ. चांगल्या फाइलीत टेपची सळसळ वर वर जात हळूहळू विरळ होत होती, डोंगरावरची झाडी विरळ होत जावी तशी. दुसऱ्या फाइलीत ती १६ किलोहर्ट्झपाशी एकदम थांबत होती. पट्टी ठेवून ब्लेडने कापल्यासारखी, सरळ आडवी रेघ, आणि तिच्या वर काळाकुट्ट अंधार. टेप कितीही जुनी असली तरी ती अशी रेघ ओढून संपत नाही, तो म्हणाला. अशी रेघ १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत दिसते. म्हणजे बहुधा मुख्य मशीन दुरुस्तीला गेल्यावर यांनी थेट एमपीथ्रीत उतरवणारं एखादं छोटं यंत्र वापरलं आणि मग त्या फाइली वेव्हमध्ये बदलून दिल्या. पंचवीसपैकी अकरा फाइली अशा निघाल्या.

त्या रात्री मी पत्र लिहायला बसलो आणि दीड पान लिहिलं. त्यात ‘धडधडीत फसवणूक’ होती, ‘आमच्या भावनांशी खेळ’ होता, ‘आपल्यासारख्या व्यावसायिकाकडून ही अपेक्षा नव्हती’ हेही होतं. लिहिताना फार बरं वाटलं. सकाळी वाचलं तर लक्षात आलं की त्या दीड पानात एकही तारीख नाही. ज्याला काहीच माहीत नाही असा तिसरा माणूस हे वाचेल तर त्याला एवढंच समजेल की कुणीतरी कुणावरतरी चिडलेलं आहे. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर नुसती तारीख आणि त्यापुढे काय घडलं ते लिहायचं ठरवलं. विशेषणं नाहीत. आणि ज्या ओळीला कागदाचा आधार नाही, तिथे तसं म्हणायचं.

४ जून. कोटेशन मान्य. अर्धी रक्कम कार्डाने भरली. (ईमेल, पावती)
७ जून. १६ कॅसेट स्टुडिओत पोचल्या. (पोच)
२८ जून. ठरलेली मुदत संपली.
१ जुलै. मी फोन केला. चार दिवसांत देण्याचं तोंडी सांगण्यात आलं. (लेखी नोंद नाही)
९ जुलै. मशीन दुरुस्तीला असल्याचं कळवण्यात आलं. (मेसेज)
१९ जुलै, सायं. ७:४२. लिंक मिळाली. ७:५०. उरलेली रक्कम भरली.
२३ जुलै. कॅसेट परत मिळाल्या. क्र. १४ची टेप चुरगळलेली. (फोटो)
१० ऑगस्ट. फाइली ऐकल्या. ७ फाइली नाहीत, काहींच्या आवाजात दोष.
११ ऑगस्ट. फोन. ‘सात बाजू कोऱ्या.’ त्याच दिवशी ईमेल, उत्तर नाही.
१६ ऑगस्ट. ११ फाइली १६ किलोहर्ट्झला कापलेल्या आढळल्या. (आलेख सोबत)

वाचून बघितलं. चांगलं झालं होतं. अगदी वकिली थाटाचं. फक्त त्यात ७:५३ नव्हतं.

मी ते विसरलो होतो असं नाही. बोटं त्या ओळीपाशी येऊन सरळ पुढच्या तारखेवर गेली होती. मनातल्या मनात समर्थनही तयार होतं, की तो काही ‘प्रसंग’ नव्हता, नुसता शिष्टाचार होता. पण पान मी वाचत होतो त्या डोळ्यांनी ते गृहस्थही वाचणार होते, आणि त्यांच्या फोनमध्ये माझा अंगठा जपून ठेवलेला होता. त्यांनी त्याचा फोटो काढून पाठवला की माझं पान एका क्षणात खोटं ठरणार. बाकीच्या सगळ्या ओळी खऱ्या असूनही. तेव्हा ती ओळ घातली: ‘७:५३. काम छान झाल्याचं मी मेसेजने कळवलं.’ घातल्यावर पोटात ढवळलं. समोरच्याच्या हातात आपणच काठी द्यावी तसं. आणि मग त्या दोन वेळांकडे, ७:४२ आणि ७:५३कडे बघत असताना अचानक वेगळंच दिसलं. मधे अकरा मिनिटं होती. पंचवीस फाइली, प्रत्येकी पाऊण तासाची, म्हणजे पावणेएकोणीस तासांचं रेकॉर्डिंग. आकाराने एकोणीस जीबीच्या वर. संगणकावर शेवटच्या फाइलीची वेळ होती २० जुलै, पहाटे ५ वाजून १० मिनिटं. अकरा मिनिटांत ते कुणीही ऐकू शकत नव्हतं. उतरवूनसुद्धा घेऊ शकत नव्हतं. ‘छान झालंय’ ही कामाला दिलेली पसंती नव्हती, लिंक मिळाल्याची पोच होती, आणि हे माझ्या सांगण्यावर नव्हे, घड्याळावर सिद्ध होत होतं. मी त्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली: ‘२० जुलै, पहाटे ५:१०. फाइली उतरवून पूर्ण झाल्या.’ जी ओळ लपवायला निघालो होतो तीच पानातली सगळ्यांत भक्कम ओळ झाली. पण तिच्या खालची १० ऑगस्टची ओळ काही भक्कम होत नव्हती. बावीस दिवस मी काय करत होतो? ‘आवाजाला घाबरत होतो’ असं लिहायला त्या पानात रकाना नव्हता. ती फट तशीच ठेवली.

मग मागणी. इथे मी जरा अडखळलो, कारण रागाच्या भरात सगळे पैसे परत मागावेसे वाटतात. पण चौदा फाइली अगदी उत्तम होत्या आणि मी त्या ठेवणार होतो. त्यांचे पैसे मागितले असते तर बाकीच्या अठरांबद्दलचं माझं म्हणणंही पातळ झालं असतं. तेव्हा बत्तीस भागांतले चौदा त्यांचे, हे सुरुवातीलाच लिहून टाकलं. सात गायब बाजूंचं मात्र गंमतीदार होतं. त्या कोऱ्या आहेत की नाहीत हे माझ्याकडे टेपरेकॉर्डर नसल्याने मला सांगताच येत नव्हतं, आणि सुरुवातीला मला ती फार मोठी अडचण वाटली. मग कोटेशनमधली ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. बाजू कोरी असेल तर त्यांच्याच अटीप्रमाणे तिचे पैसे घ्यायचे नव्हते. कोरी नसेल तर तिचं काम झालेलं नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. म्हणजे सात भाग परत मिळायला मला काहीही सिद्ध करावं लागत नव्हतं, कारण त्यांनी बिल बत्तीसचं लावलं होतं. राहिल्या अकरा. त्यांचं काम पुन्हा करून द्या, असं म्हणता आलं असतं, आणि दुरुस्तीची एक संधी देणं रीतीचं असतं हेही मला माहीत होतं. पण चौदा नंबरच्या कॅसेटची टेप आडव्या चुण्या पडून आली होती. ती परत त्याच हातांत द्यायची माझी तयारी नव्हती. तेच कारण फोटोसकट लिहिलं, आणि अकराचेही पैसे मागितले. एकूण अठरा भाग, ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर, २८ ऑगस्टपर्यंत. कॅसेट तोवर घरी आल्या होत्या हे माझं नशीब. त्या त्यांच्या कपाटात असताना हे पत्र लिहायची माझी छाती झाली नसती.

१८ ऑगस्टला पत्र गेलं. आठव्या दिवशी, म्हणजे मुदतीला तीन दिवस असताना, तो फोन आला. आधी ते म्हणाले, पुढच्या कामात वळते करून देतो. मी म्हटलं, पुढचं काम नाही, कारण पुढच्या कॅसेट नाहीत. काका गेले. यावर ते ‘ओह’ म्हणाले, मनापासून. मग म्हणाले, अकराही बाजू फुकट परत करून देतो. मी चौदा नंबरबद्दल बोललो. आणि तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शेवटी तुम्हाला पैसेच हवेत ना?”

हो म्हणालो खरा. पण त्या क्षणी मला जे हवं होतं ते देण्याची त्यांची ऐपत नव्हती आणि मागायची माझीही. मला १९ जुलै परत हवी होती. चप्पल काढून खाली बसायचं होतं, पहिली फाइल उघडायची होती. पत्रात यातलं काही येत नाही. रिफंडच्या पत्रात पैसेच मागता येतात, आणि त्यातही जो भाग मोजता येतो तेवढेच. समोरच्याने नेमकं त्याच गोष्टीकडे बोट दाखवलं की आपण हिशेबी ठरतो. कदाचित त्यांना तसं म्हणायचंही नसेल. कदाचित त्यांना खरंच खात्री करून घ्यायची असेल, की हा माणूस पैसे मिळाल्यावर थांबेल ना.

फोन झाल्यावर मी पुन्हा चार ओळींचा ईमेल लिहिला, दोन्ही प्रस्ताव आणि माझा नकार नोंदवणारा. सोबत एक वाक्य घातलं, जे आधीच्या पत्रात नव्हतं: मुदतीत उत्तर न आल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करीन. हे धमकीसारखं वाटू नये म्हणून दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं. बँकेची वाट अशी, की कार्डाने पैसे भरले आणि सेवा ठरल्यासारखी मिळाली नाही तर व्यवहार उलटवायला सांगता येतं. बरेचदा त्याला १२० दिवसांची मुदत असते, कधी पैसे भरल्यापासून मोजलेली, कधी सेवा मिळायची होती त्या दिवसापासून, आणि काही बँका त्याहून कमीही देतात. मी सगळ्यांत कडक हिशेब धरला, ४ जूनपासून. २ ऑक्टोबर येत होती. तिथेही बँक पहिल्यांदा हेच विचारते की विक्रेत्याशी बोलून बघितलं का, आणि ते दाखवायला तारखांचं तेच पान लागतं. म्हणून त्यांच्या ‘बघतो’ला मी फार तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबणार होतो. ‘बघतो’मध्ये दिवस किती पटकन जातात ते मी जुलैत बघितलं होतं.

२ सप्टेंबरला त्यांचा ईमेल आला. सात बाजूंचे पूर्ण, अकरा बाजूंचे अर्धे. त्यांचं म्हणणं, त्या अकरा फाइलींतलं बोलणं नीट कळतंय, म्हणजे त्या अगदीच निरुपयोगी नाहीत. हे खरं होतं. मी त्या ऐकत होतो, ठेवणारही होतो. आणखी ताणलं असतं तर कदाचित दोन-तीन भाग जास्त मिळाले असते. पण मला त्यांचं म्हणणं खोडता येईना, आणि जे खोडता येत नाही त्याच्याशी भांडायचा मला कंटाळा आला होता. साडेबारा भाग बत्तीसपैकी. त्यांनी सोबत एक मजकूर पाठवला होता, ‘या कामाबाबत माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’, त्यावर सही करून पाठवा, मग पैसे सोडतो. मी त्यात तीन शब्द घातले: ‘रक्कम जमा झाल्यावर’. त्यांनी हरकत घेतली नाही. ९ सप्टेंबरला कार्डावर पैसे आले. या वेळी मी ‘छान’ वगैरे काही लिहिलं नाही. ‘रक्कम मिळाली’ एवढंच लिहिलं. पाठवल्यावर ते फारच कोरडं वाटलं, मग खाली ‘धन्यवाद’ जोडलं. त्यांचा अंगठा आला.

टेपरेकॉर्डर मिळाला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका मित्राकडून, चालू स्थितीतला. काकूंकडे घेऊन गेलो. त्या सात बाजू एकेक करून लावायच्या होत्या, पूर्ण, घाई न करता. पहिल्या दोन खरंच कोऱ्या निघाल्या. पाऊण पाऊण तास आम्ही दोघं नुसती सळसळ ऐकत बसलो. काकू मधेच म्हणाल्या, “पैसे दिले का रे त्यांनी?” म्हटलं, “दिले.” “मग आता कशाला बघतोस?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरी कॅसेट नऊ नंबरची. `09_B.wav` ही जी फाइल मला कधी मिळालीच नव्हती, ती बाजू. सुरुवातीला तसंच, काही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. कुणीही ‘कोरी’ म्हणून काढून टाकली असती. चौथ्या मिनिटाच्या आसपास लांबून कुठूनतरी चपला वाजल्या, खुर्ची सरकली.

चष्मा सापडला होता.

खाकरणं. तारीख. “वेळ रात्रीचे साडेआठ,” काका म्हणाले. “बाहेर पाऊस पडतो आहे. विशेष काही नाही.” आणि खरोखरच मागे संततधार लागलेली ऐकू येत होती, एकसंध, बारीक, कुठेही न बुडबुडणारी. मी काकूंकडे बघितलं. त्या डोकं जरा तिरकं करून, कपाळाला आठी घालून ऐकत होत्या.

“कुठला पाऊस,” त्या म्हणाल्या. “मोरीतला नळ उघडा राहिलाय.”